बाबांच्या गोळ्या, गावचं पपनस आणि "किती तासांचं अंतर ठेवायचं?"

गणपतीत कुडाळहून काकांनी पपनसांची अख्खी गोणी पाठवली होती. माटवीला बांधून उरलेली, परसातल्या झाडाची, आतून गुलाबी. बाबांना ती मीठ-साखर आणि जरासं तिखट भुरभुरून भारी आवडतात, रोज जेवणानंतर अर्धं तरी संपवायचेच. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं की पपनसाने बीपी आणि कोलेस्टेरॉल उतरतं, म्हणजे तर विचारूच नका.

बाबांना गोळ्या तीन. रात्री कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन २०, सकाळी बीपीच्या दोन, ॲम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४०. थोड्या दिवसांनी मांड्या आणि पोटऱ्या दुखायला लागल्या, जिना चढताना हात कठड्यावर, आणि संध्याकाळी मोज्याचं इलॅस्टिक घोट्यात रुतलेलं दिसायचं. मला गोळीच्या डब्यातल्या कागदावर ग्रेपफ्रूटबद्दलची ओळ वाचल्याचं आठवत होतं, आणि ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातूनच आलेलं, म्हणून संशय आला. म्हटलं विचारून टाकू, एका वाक्याचं तर उत्तर आहे.

ते एक वाक्य मिळवताना जो वैताग आला तो अजून गेला नाहीये. बाबांची फाईल ज्या मोठ्या हॉस्पिटलात आहे तिथे गेलो. नंबर लावला, बसलो, बीपी घेतलं, पुन्हा बसलो. आत डॉक्टरांनी पाय दुखतात हे ऐकलं, वयाप्रमाणे होतं म्हणाले, कॅल्शियम लिहिलं आणि पुढचा पेशंट आत. मी दारातच थांबून पपनसाचं विचारलं तर असिस्टंट म्हणाली की खाण्याचं सगळं डाएटिशियनकडे. डाएटिशियन त्या दिवशी नाहीत. त्यांच्या टेबलावर छापील पथ्याचा कागद होता, त्यात तूप, लोणचं, पापड, अंड्याचा बलक सगळं होतं, गोळीबरोबर कुठलं फळ चालत नाही याची एकही ओळ नव्हती. मग काउंटरवर, तिथून फार्मसीच्या खिडकीवर पाठवलं. खिडकीतल्या मुलाने स्ट्रिप हातात घेऊन न वाचताच सांगितलं, "काका, फळ सकाळी खा, गोळी रात्री घ्या, काही होत नाही." बाबा एकदम खूश. आणि मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच आला, कारण इतका वेळ बसून जे उत्तर मिळालं ते चुकीचं होतं, आणि खिडकीतून इतक्या खात्रीने सांगितलेलं उत्तर माणूस वर्षानुवर्षं पाळतो. मी पुन्हा आत जाऊन विचारायचं म्हटलं तर नवा नंबर लावा म्हणाले!

शेवटी आमच्या गल्लीतल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं.

तर अंतर का चालत नाही ते असं. आपल्या आतड्याच्या अस्तरात एक एन्झाइम असतं, CYP3A4 नावाचं. आपण गिळलेल्या ॲटोरव्हास्टॅटिनचा बराचसा भाग हे एन्झाइम रक्तात पोचायच्या आधीच मोडून टाकतं, आणि गोळीचा डोस तो भाग वाया जाणार हे धरूनच ठरवलेला असतो. ग्रेपफ्रूट-पपनसात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती ह्या एन्झाइमला कायमचं निकामी करतात. म्हणजे फळ पोटातून पुढे गेलं की एन्झाइम पुन्हा कामाला लागलं असं होत नाही, शरीराला ते नव्याने तयार करावं लागतं. डॉक्टरांच्या शब्दांत, नाक्यावरचा टोलवालाच काढून टाकला, आता नवीन माणूस येईपर्यंत सगळ्या गाड्या सुसाट. नवीन एन्झाइम साधारण एका दिवसात निम्मं भरून येतं आणि पूर्ववत व्हायला तीनेक दिवस लागतात. त्यामुळे सकाळचं फळ आणि रात्रीची गोळी ह्यात बारा तास असले तरी नाका रिकामाच, आणि रोज खाणाऱ्याचा तर तो कधी भरतच नाही.

त्यांनी हेलसिंकीतल्या एका जुन्या अभ्यासाचे आकडे सांगितले, तो सिम्व्हास्टॅटिन ह्या कोलेस्टेरॉलच्याच दुसऱ्या गोळीवर होता. ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर गोळी दिली तेव्हा रक्तातलं औषध तेरा पटींहून जास्त वाढलं, रस बंद करून एक दिवसाने दिली तरी दुपटीपेक्षा जास्तच होतं, तीन दिवसांनी परिणाम जवळपास ओसरला आणि आठवड्याने काहीच उरला नाही. हा रस मात्र घट्ट आणि दिवसातून तीनदा होता, आपण तेवढा पीत नाही. आणि ॲटोरव्हास्टॅटिनवर परिणाम सिम्व्हास्टॅटिनपेक्षा बराच कमी असतो, पण असतो. पपनसावर ग्रेपफ्रूटइतके अभ्यास नाहीत, जातीप्रमाणे द्रव्याचं प्रमाण खूप बदलतं, म्हणून "इतक्या फोडी चालतील" असा आकडा कुणीच देऊ शकत नाही.

बीपीच्या गोळ्यांचं वेगळं. हा सगळा प्रकार पहिल्यांदा उघडकीला आला तोच १९८९ साली कॅनडात फेलोडिपिन ह्या बीपीच्या गोळीवर, गोळीबरोबर दारू घेतली तर काय होतं ते तपासताना दारूची चव लपवायला संशोधकांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची पातळी भलतीच वर गेली. ॲम्लोडिपिन त्याच घराण्यातली, पण तिच्यावर परिणाम थोडासाच. घोट्याची सूज ॲम्लोडिपिनने एरवीही येते, तेव्हा तिचं खापर पपनसावर फोडता येणार नाही असं ते स्पष्ट म्हणाले. टेल्मिसार्टन ह्या एन्झाइमच्या वाटेने जातच नाही, तिला काही नाही.

हो, एक राहिलं, गोळी स्वतःहून बंद करू नका. आम्ही घाबरून बंद करणारच होतो, डॉक्टरांनी थांबवलं. त्यांनी स्नायूंना इजा होतेय का हे दाखवणारी सीपीके आणि किडनीसाठी क्रिएटिनिन अशा रक्ताच्या टेस्ट करून घेतल्या. सीपीके मर्यादेच्या जरासं वर, किडनी ठीक. लघवी चहासारखी गडद झाली किंवा खुर्चीतून उठताच येईना अशी ताकद गेली तर मात्र वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, कारण तेव्हा स्नायू विरघळून किडनीवर ताण येत असतो. बाबांचं तसं काही नव्हतं, म्हणून पपनस बंद, गोळी चालू, आणि पुन्हा टेस्ट. दुखणं हळूहळू गेलं, सीपीके रेंजमध्ये आलं, तेव्हा मला किती हायसं वाटलं सांगू! गणपतीतली धावपळ आणि उभं राहणंही कारण असू शकतं, शंभर टक्के पपनसच असं डॉक्टरांनी म्हटलं नाही.

पण झाड परसात आहे, फळं दरवर्षी येणार आणि बाबा ती सोडणार नाहीत हे त्यांनी ओळखलं. म्हणून ॲटोरव्हास्टॅटिन २० च्या जागी रोझुव्हास्टॅटिन १० दिली, ताकद साधारण तेवढीच आणि ती CYP3A4 वर फारशी अवलंबून नाही. किडनीचा त्रास असणाऱ्यांना डोस वेगळा लागतो, तेव्हा हे परस्पर बदलू नका. आता अर्धं पपनस खाल्लं तरी मी काही बोलत नाही. संत्री-मोसंबी तर आधीही चालतच होती.

दुकानात जाल तेव्हा ब्रँडचं नाव सांगून विचारू नका, स्ट्रिपवर खाली बारीक अक्षरात आतलं औषध असतं ते वाचून दाखवा. बऱ्याच गोळ्यांत दोन-दोन औषधं एकत्र असतात आणि त्यातलं एकच अडचणीचं असतं. आणि "अंतर ठेवा" असं कुणी म्हणालं तर किती ते विचारा, तासांत उत्तर आलं तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा.