पहिल्या पानाआधी

गणपतीला गावी जाऊन आलो आणि पुढच्या काही दिवसांत गच्चीतल्या कंपोस्टच्या कुंडीत रोपांचा घोळका उभा राहिला. वाळलेले कपडे काढायला गेले होते, तेवढ्यात दिसला. सरळ दांड्या, प्रत्येक दांडीवर समोरासमोर दोन लांबट, जाडसर, गुळगुळीत पानं. बाकी काही नाही. मी वाकून बघतेय तोवर समोरच्या काकू त्यांच्या गच्चीतून म्हणाल्या, "अगं, भोपळा आहे तो! सगळा भोपळाच."

मधला रस्ता, दोन कठडे, त्यांचा चष्मा खाली दिवाणखान्यात, आणि तरी भोपळा. एवढी खात्री माझ्यात नाही. उलट माझा याबाबतीत एक हट्टच आहे. वेलाचं पहिलं खरं पान उलगडल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही. घरातले हसतात. हसोत.

कारण ती पहिली दोन पानं खरी पानं नव्हेतच. भोपळ्याची बी सोलून आतला हिरवट गर आपण खातो ना, तो गर म्हणजे जवळजवळ सगळी ही दोन पानंच. बीत ती आधीपासून एकमेकांना चिकटून बसलेली असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना बीजपत्रं म्हणायचे. आतला साठा पुरवायचा, वर येऊन हिरवं व्हायचं, खरी पानं कामाला लागेपर्यंत उन्हावर थोडंफार भागवायचं, एवढंच त्यांचं काम. त्यामुळे दुधी, दोडका, काकडी, कलिंगड, सगळ्यांची बीजपत्रं साधारण सारखीच. कडेला दाते नाहीत, कातर नाही, कोन नाहीत. पुढे ज्या वेलाचं पान अगदी फाटकं निघणार असतं, त्याचीसुद्धा ही दोन पानं सालस. त्यांच्यावरून कळतं ते इतकंच की बी केवढी होती. लाल भोपळ्याची चांगली चार-पाच सेंटिमीटर लांब, जाड, शिरा उठून दिसणारी; काकडीची त्याच्या निम्मी. काकूंनी लांबून मोठं पान पाहिलं आणि भोपळा म्हटलं, हे एका अर्थी बरोबर होतं. पण घोळक्यात लहान पानंही होती. "सगळा भोपळाच" हे कुठल्या हिशोबात बसतं?

आजीकडे कोकणात परसात मांडव असायचा. मांडवाच्या एकेका मेढीशी आळं. आगोटीला ती बिया लावायची. कारल्याच्या बिया आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायची, कारण त्यांचं कवच टणक. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून आळ्यांभोवती काट्या रोवायची. कोणत्या आळ्यात काय हे तिला पक्कं ठाऊक असायचं, पण आम्ही विचारलं की सांगायची नाही. "पान येऊ दे. मग हात लाव, वास घे आणि तूच सांग." आम्ही मुलं पैजा लावायचो आणि रोज सकाळी दात घासत मांडवाखाली जायचो. पान आलं की ती ते बोटांत हलकंच चुरडायला लावायची. दुधीचं पान मऊ लवेचं, हाताला मखमली, आणि वास उग्र, काहीसा कस्तुरीसारखा. शिवाय देठ पानाला जिथे जुळतो तिथे दोन बारीक गाठी, आजी त्यांना डोळे म्हणायची. कारल्याचा वास तर आंधळ्यालाही कळावा. पडवळाचं पान चुरडलं की आम्ही नाकं धरून पळायचो आणि ती पदर तोंडाशी धरून हसायची. तोंडलीचा वेल मात्र या खेळात कधी नव्हता. तोंडली लावतात ती छाटाची कांडी खोचून, बी पेरून नव्हे, त्यामुळे तोंडलीची बीजपत्रं मी जन्मात पाहिलेली नाहीत.

गच्चीत पेरणारं कोणीच नव्हतं, म्हणून पानाआधी जरा डोकं चालवावं लागतं. कंपोस्टात स्वयंपाकघरातलंच जातं. मग आपण कोणती फळं पिकलेली खातो? दुधी, दोडका, घोसाळं, पडवळ, ही सगळी कोवळी चिरतो. नख रुततं का बघूनच घेतो. त्यांच्या बिया तयारच झालेल्या नसतात, त्या उगवायच्या कुठून? सालांबरोबर कितीही टाका. म्हणजे संशयितांच्या यादीतून निम्मे आधीच सुटले. राहिला लाल भोपळा, कारण घारग्यांना तो पिकलेलाच लागतो. राहिलं कलिंगड, हल्ली वर्षभर मिळतं. ओट्यावर विसरून पिवळं पडलेलं एक कारलं, ज्याच्या आतल्या बियांना लालभडक गर धरला होता. आणि गावाहून येताना डिकीत घातलेली तवसं नि चिबूड. तवसं म्हणजे जून काकडीच. त्याचं धोंडस केलं, बिया काढून कुंडीत. चिबूड नुसता गूळ घालून खाल्ला, त्याच्याही बिया कुंडीत.

आता दुसरा पुरावा, म्हणजे टरफल. रोपाच्या बुडाशी काडीने माती अलगद बाजूला करा. बहुतेकदा रिकामं टरफल तिथेच, मुळाच्या मानेशी अडकलेलं सापडतं. ते तिथेच का राहतं, याची गंमत आहे. या कुळातल्या रोपांना मूळ आणि दांडी जुळतात तिथे एका बाजूला छोटी खुंटी फुटते. ती टरफलाची खालची कड दाबून धरते, आणि वर दांडी कमान करून उठते ती बीजपत्रांना टरफलातून उपसून काढते. एका पायाने दुसऱ्या पायातल्या बुटाची टाच दाबून बूट काढावा, तसं. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली या खुंटीबद्दल लिहून ठेवलं आहे. आडव्या पडलेल्या बीला ही खुंटी नेहमी खालच्या अंगाला फुटते, म्हणजे खाली कोणतं हे रोपाला कळतं. १९९८ साली अंतराळयानातून काकडीच्या बिया वर नेल्या. तिथे वर-खाली काही नाही, तर रोपांनी दोन्ही बाजूंना एकेक अशा दोन खुंट्या काढल्या. म्हणजे खुंट्या मुळात दोन्हीकडे निघू शकतात. जमिनीवर गुरुत्वाकर्षण वरची दाबून टाकतं. हे वाचल्यापासून मी प्रत्येक वेळी माती उकरून ती खुंटी बघते. बघायला साधा उंचवटाच असतो.

बी फार वरवर पडली किंवा माती भुसभुशीत, कोरडी असली, की खुंटीला टरफल धरून ठेवता येत नाही. ते टोपीसारखं वर येतं आणि पानं आत कोंडतात. ओढून काढू नये, पानाचं टोकही त्याच्याबरोबर येतं. पाण्याचा हात लावून भिजवावं आणि वाट बघावी.

आमच्या कुंडीत एका रोपाच्या डोक्यावर अशी टोपी होतीच. तपकिरी, कोरीव नक्षीची, कडेला खाचा. कारलं! त्याला पानाची गरजच पडली नाही. जाड दांड्यांच्या बुडाशी कडेला कंगोरा असलेली चपटी फिकट टरफलं निघाली, तो भोपळा. काकूंना तेवढं श्रेय द्यायला हवं. एक टरफल काळपट, कंगोरा नसलेलं, ते कलिंगड. उरलेल्या दोन रोपांखाली मात्र टोकदार, पांढुरकी, पातळ टरफलं. तवसं असेल, चिबूडही असेल. दोघांच्या बिया समोरासमोर ठेवल्या तरी मला त्यांच्यात धड फरक करता येत नाही.

चार दिवस थांबले. भोपळ्याचं खरं पान आलं ते गोलसर, बुडाशी खोलगट, लुसलुशीत लवेचं. पुढची पानं आली तशी शिरांच्या बेचक्यांत पांढरट डाग दिसू लागले. सगळ्या भोपळ्यांना ते असतात असं नाही, पण दिसले की बरं वाटतं. कलिंगडाचं पहिलं पान म्हणाल तर अगदीच भिडस्त. रुंदीपेक्षा लांब, कडेला जेमतेम दोन-चार बोथट खाचा. याच्यावरून कोणी कलिंगड म्हणणार नाही. दुसरं पान जरा धीट, आणि तिसऱ्या-चौथ्यापासून ते आतपर्यंत कातरलं जायला लागलं, मग संशय कसला?  आजीचा खेळ माझ्या हट्टापेक्षा शहाणा होता, हे इथे कबूल करते. ती पहिलं पान आलं की थांबायची नाही, दुसरं-तिसरंही बघायला लावायची. घोसाळं आणि दोडका यांचीही तीच तऱ्हा. मोठेपणी घोसाळ्याचं पान खोल चिरांचं आणि दोडक्याचं नुसतं कोनाकोनाचं, पण पहिल्या पानात दोघेही आपले कोनेरीच.

राहिली ती दोन रोपं. पुस्तकी खूण अशी की काकडीचं पहिलं पान जरा टोकदार, कडेला बारीक दाते, हाताला खरखरीत. खरबुजाचं आणि त्याच्या भावंडाचं, म्हणजे चिबडाचं, गोलसर आणि बोथट कोनांचं. एका रोपाचं पान मला खरखरीत लागलं. दुसऱ्याचंही लागलं. वेलाचे तणावे येईपर्यंत थांबावं, तर दोघांचेही तणावे बिनफाट्याचे. त्यांच्यावरून भोपळा वेगळा काढता येतो, कारण त्याचा तणावा फाटतो, पण हे दोघे एकमेकांपासून वेगळे होत नाहीत. फुलंही दोघांची पिवळी. खरा निकाल मादी फुलाखालच्या इवल्या फळावर. काकडीचं बाळफळ काटेरी, बारीक पुटकुळ्यांचं. चिबडाचं मऊ केसांनी झाकलेलं. म्हणजे महिनाभर थांबणं आलं. थांबायची माझी तयारी होती.

पण तांबडे भुंगेरे आले. त्यांना कोवळी पानं फार आवडतात. भोपळ्याच्या पानांची त्यांनी चाळण केली, कारल्याला मात्र फारसे शिवले नाहीत. ही ओळखायची आणखी एक रीत म्हणायची, जरा महाग पडते एवढंच. त्या दोनांपैकी एका रोपाची त्यांनी नुसती दांडी ठेवली. उरलेलं मी मुळाभोवतीच्या मातीसकट उचलून काकूंना दिलं, त्यांच्याकडे मोठा पिंप आणि ऊन दोन्ही आहे. "भोपळाच ना?" त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. दिवाळीत त्यांचा वेल कठड्यावर चढलेला दिसत होता, पिवळी फुलंही होती. मग आम्ही पंधरा दिवस बाहेर होतो, आणि आल्यावर विचारायचं राहूनच गेलं.