तुम्ही विचारलंत म्हणून: चेहऱ्याला नंबर नाही, फोटोला प्रश्न

"ताई, तुम्ही रोज इतके चेहरे बघता, मग आम्ही पाठवलेल्या स्थळांच्या फोटोंना दिसण्यावरून एक ते सहा नंबर लावून द्यायला नाही का म्हणता? आणि मग फोटो बघायचा तरी कसा?"

गेली बरीच वर्षं मी बायोडाटाचे फोटो काढतेय, त्यामुळे मला हे विचारणारे लोक खूप असतात, विशेषतः लग्नसराईच्या आधी. कोणाची आई विचारते, कोणाची मावशी, कधी स्वतः मुलगासुद्धा. मी नाही म्हणते कारण त्या फोटोंवर मी काहीही नंबर लावला तरी तो त्या माणसाला लागत नाही, त्या दिवशीच्या उजेडाला आणि मोबाईल किती लांब धरला होता त्याला लागतो. हे मी उगाच बोलत नाहीये, एक उदाहरण सांगते.

मागच्या वर्षी एक काकू सहा मुलींचे फोटो घेऊन आल्या होत्या, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून आलेले. घरात सगळ्यांनी मिळून आधीच क्रम लावला होता, फक्त माझा शिक्का हवा होता. त्यात शेवटून दुसरी जी मुलगी होती तिचा फोटो बघून मला जाणवलं की हिला मी ओळखते, कारण दोनच महिन्यांपूर्वी तिच्या ऑफिसच्या कामासाठी मीच तिचा फोटो काढला होता. मी तिच्या घरी फोन लावला, तो फोटो दाखवू का म्हणून विचारलं, ते हो म्हणाले आणि मग दोन्ही फोटो काकूंसमोर शेजारी ठेवले. काकू म्हणाल्या, ही बहीण का हिची?

आता दोन्हीत फरक काय होता ते नीट सांगते कारण सगळं उत्तर त्यातच आहे. पहिला फोटो म्हणजे हात लांब करून काढलेली सेल्फी, साधारण पन्नास सेंटीमीटरवरून. आपल्या नाकाचं टोक कानांच्या ढोबळमानाने बारा सेंटीमीटर पुढे असतं. म्हणजे कॅमेऱ्यापासून नाक ५० वर आणि कान ६२ वर, त्यामुळे कानांच्या मानाने नाक जवळजवळ पाव पटीने मोठं उमटतं. मोबाईल अजून जवळ आणला, ३० सेंटीमीटरवर, तर हे प्रमाण ४२ भागिले ३० होतं, म्हणजे नाक चाळीस टक्क्यांनी मोठं. आणि मी फोटो काढला होता दोन मीटरवरून, तिथे २१२ भागिले २०० केलं की फरक फक्त सहा टक्के उरतो. एवढंच, यात लेन्सची काही जादू नाही, सगळा अंतराचा हिशोब आहे. सेल्फीत गाल बारीक होऊन मागे जातात, कान दिसेनासे होतात, नाक आणि कपाळ पुढे येतं आणि घरातले म्हणतात नाक जरा जाड आहे. नाक जाड नव्हतं, हात आखूड होता.

दुसरी गोष्ट उजेड. तो फोटो रात्री काढलेला, डोक्यावर ट्यूबलाईट. वरून उजेड पडला की भुवयांची सावली डोळ्यांत पडते, डोळ्यांखाली काळं दिसतं, नाकाखाली मिशीसारखी सावली येते. मागे पांढरी भिंत होती आणि मोबाईलचं ऑटो असं असतं की फ्रेममध्ये खूप पांढरं दिसलं की तो सगळंच मध्यम करायला बघतो, म्हणून भिंत राखाडी झाली आणि चेहरा काळवंडला. मग कोणीतरी तो उजळ करायला ब्यूटी फिल्टर टाकला असणार, कारण गालावरचा पोत गेला होता आणि कपाळाजवळचे बारीक केस पुसल्यासारखे झाले होते. माझ्या फोटोत ती खिडकीपासून हातभर अंतरावर, थोडी तिरकी बसली होती, दुसऱ्या बाजूला मी पांढरी चादर धरायला लावली होती म्हणजे सावलीची बाजू फार काळी पडत नाही. बाकी चेहरा तोच. मुलगी तीच.

आता तुम्ही म्हणाल एकाच मुलीचं उदाहरण आहे, पण यावर अभ्यासही झालेला आहे. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून बघितलं होतं, अनोळखी माणसांचे प्रत्येकी बरेच वेगवेगळे फोटो घेऊन लोकांना दिसण्याचे गुण द्यायला सांगितले. तर एकाच माणसाच्या फोटोंमधला गुणांचा फरक हा दोन वेगळ्या माणसांमधल्या फरकापेक्षा जास्त निघाला. त्याच अभ्यासात दोनच बायकांचे मिळून चाळीस फोटो लोकांना दिले, माणसागणिक गठ्ठे करा म्हणाले, आणि या दोघींना न ओळखणाऱ्यांनी सात-आठ वेगवेगळ्या बायका आहेत असे गठ्ठे केले. म्हणजे काकू "बहीण का" म्हणाल्या त्यात काही चूक नव्हतं, अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत आपलं सगळ्यांचंच असं होतं.

आणि समजा सगळ्यांचे फोटो एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून काढले, तरी काय होतं? २०१५ मध्ये जुळ्या भावंडांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की कोण छान दिसतं यावर दोन माणसांचं साधारण निम्मंच जुळतं, निम्मं ज्याचं त्याचं असतं, आणि ते ज्याचं त्याचं बहुतेक जन्मजात नसून ज्याला त्याला आयुष्यात काय भेटलं त्यातून आलेलं असतं. तर मग मी लावलेला नंबर तुमच्या मुलाच्या काय कामाचा? तो माझा नंबर असेल. शिवाय ज्या मुलीने फोटो दिला तिने तो ओळख व्हावी म्हणून दिला, स्पर्धेत उतरायला नाही, आणि पाचवा नंबर आला असं तिच्या कानावर गेलं तर त्यावर तिने करायचं काय? नाक बदलायचं? याउलट "फोटो जवळून घेतलाय, दोन मीटरवरून परत काढून पाठवता का" असं म्हटलं तर ते अर्ध्या तासात होतं. माझ्या लेखी दोन्हीतला फरक हाच आहे, एका शेऱ्यावर काही करता येतं, दुसऱ्यावर नाही.

म्हणून मी फोटोला विचारते, चेहऱ्याला नाही. आणि एकच मोठा प्रश्न धरते: हे माणूस उद्या बसस्टँडवर उभं असेल तर या फोटोवरून मला ओळखता येईल का? त्याच्या पोटात बाकीचं सगळं येतं. फोटो जवळून घेतलाय का हे कानांवरून कळतं, समोरून काढलेल्या फोटोत केस मागे असूनही कान जवळजवळ दिसत नसतील आणि नाक भरलेलं दिसत असेल तर अंतर कमी होतं असं समजा. फोकसचं बघायचं तर फोटो मोठा करून डोळ्यावर या, पापण्यांचे केस सुटे दिसले पाहिजेत आणि बुबुळात उजेडाचा एक ठिपका हवा, तो ठिपका नसेल तर डोळ्यांपर्यंत उजेड पोचलेला नाही.

रंगाचं मात्र जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. "ताई थोडी उजळ करून द्या ना" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. चेहरा एक्सपोजरमुळे काळवंडला असेल तर तो त्याच्या मूळ रंगावर आणणं हे माझं काम आहे, ते मी करते. सावळ्या मुलीला गोरी करणं हे माझं काम नाही. यातला फरक कसा ओळखायचा, तर फोटोत हात आहे का बघा आणि हाताचा आणि चेहऱ्याचा रंग ताडून बघा, चेहरा दोन-चार छटा उजळ असेल तर तिथे काहीतरी केलंय. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर झालाय का, पांढरा शर्ट पिवळा दिसतोय का, हेही बघा, म्हणजे खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाईट किंवा पिवळा बल्ब एकत्र झाला होता हे कळतं. चेहरा बारीक करणारा फिल्टर असेल तर मागची दाराची चौकट किंवा फरशीची रेघ गालाजवळ किंचित वाकलेली असते, ही खूण सहसा चुकत नाही, पण मागे कोरी भिंत असेल तर ती मिळत नाही.

घरी काढायचा असेल तर सकाळी ऊन थेट येत नाही अशा खिडकीपाशी बसा, ट्यूब बंद करा, काढणाऱ्याने सहा-सात फूट मागे जायचं आणि मागचा कॅमेरा दोनपटीवर ठेवायचा, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर. जवळच्या डोळ्यावर बोट टेकवा, मग शेजारी ते छोटं सूर्याचं चिन्ह येतं ते वरखाली सरकवून चेहऱ्याचा रंग हाताच्या रंगासारखा दिसेपर्यंत आणा. ब्यूटी मोड बंद आहे ना ते मात्र सेटिंगमध्ये जाऊन बघा, काही फोनमध्ये तो आपोआप चालू असतो. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करून पाठवतं आणि तो खराब होतो. चार बाय सहा इंचाची नीट प्रिंट काढायला बाराशे बाय अठराशे पिक्सेल लागतात, कोणताही साधा मोबाईल तेवढे देतो.

एक मात्र लक्षात ठेवा, नाहीतर परत तेच होईल. फोटो चांगला नाही म्हणजे स्थळ चांगलं नाही असं धरू नका. चांगला फोन, दिवसा मोकळा वेळ, मोठी खिडकी हे सगळ्यांच्या घरी नसतं, वस्तीत एका खोलीत राहणाऱ्या मुलाचा फोटो ट्यूबलाईटखालीच निघणार. फोटोत खोट दिसली तर एवढंच समजायचं की अजून आपण या माणसाला बघितलेलंच नाही, आणि दुसरा फोटो मागायचा, काय अडचण आली ते सांगून, गोड शब्दांत.

काकूंच्या त्या सहापैकी चार फोटो मी बाजूला काढले आणि त्यांना प्रत्येक घरी पाठवायला एकेक ओळ लिहून दिली. "नमस्कार, फोटो जवळून घेतल्यामुळे नीट कळत नाहीये, दिवसा खिडकीजवळ, थोडं लांबून काढलेला एखादा असेल तर पाठवाल का, आमच्या मुलाचाही तसाच काढून सोबत पाठवतोय." शेवटचं वाक्य काकूंना आधी पटलं नव्हतं, मुलाकडच्यांनी कशाला म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन आल्या आणि त्याच खिडकीपाशी त्याला बसवलं. आठवड्याभरात तीन घरांतून नवीन फोटो आले.