दार ‘बंद’ होतं: तुम्ही विचारलंत म्हणून

‘गव्हर्नर, बफर, इंटरलॉक, सगळे इंग्रजी शब्द तसेच ठेवलेत. मग मराठीत आणलंत तरी काय?’

लिफ्ट बसवण्याच्या आणि तपासणीच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मी मराठी केलं, ते वाचून तुम्ही हे विचारलंत. त्या मराठी पुस्तिकेच्या पहिल्या खर्ड्यात हे तीनही शब्द मराठीतच होते. वेगनियंत्रक, धक्काशोषक, आंतरकुलूप. कुणी सांगितलं म्हणून ते गेले नाहीत. मीच ते खोडले, आणि खोडताना जीवावर आलं होतं.

वेगनियंत्रकापासून सांगते, कारण त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव होता. अर्थ लगेच कळतो, उच्चारायला सोपा. खर्डा झाल्यावर मी आयटीआय करून आलेल्या पाच शिकाऊ मुलांना तो वाचायला दिला आणि म्हटलं, वेगनियंत्रक कुठे आहे ते दाखवा. तिघांनी कंट्रोल पॅनलमधल्या ड्राइव्हकडे बोट केलं. त्यांची चूक नव्हतीच. लिफ्टचा वेग रोज कमीजास्त करतो तो ड्राइव्ह. गव्हर्नर रोज काहीच करत नाही. मशीन रूममध्ये एक चाक असतं, त्यावरून एक बारीक रोप खाली पिटमधल्या, म्हणजे तळाच्या खड्ड्यातल्या, वजनापर्यंत जाऊन वर येतो आणि केबिनला अडवणाऱ्या सेफ्टीच्या दांड्याला बांधलेला असतो. केबिन चालली की चाक फिरतं, एवढंच. वेग ठरल्यापेक्षा निदान पंधरा टक्क्यांनी वाढला की मग त्याचं काम सुरू होतं. सेकंदाला १ मीटरची लिफ्ट असेल तर १.१५ मीटरच्या आधी त्यानं रोप पकडायचा नाही. चाकावरची वजनं बाहेर फेकली जातात, स्विच पडून मोटरचा पुरवठा तुटतो, आणि तरीही केबिन थांबली नाही तर जबडा रोप पकडतो. रोप जागच्या जागी अडतो, केबिन खाली जातच असते, त्यामुळे दांडा वर ओढला जातो आणि पाचरी गाईड रेलला चावतात. यात नियंत्रण कुठेच नाही. ज्या मुलाला ‘वेगनियंत्रकाची चाचणी घ्या’ असं सांगितल्यावर तो ड्राइव्हचे आकडे बघून येईल, त्याला मी माझा सुंदर शब्द कशासाठी द्यायचा? वाफेच्या इंजिनावरचा गव्हर्नर खरोखर वेग सांभाळायचा, नाव तिथून आलंय. म्हणजे इंग्रजीतही तो शब्द इथे नीट बसत नाही. पण ‘गव्हर्नर’ म्हटल्यावर साईटवरचा प्रत्येक माणूस त्या चाकाकडे बघतो, आणि मला तेवढंच हवं होतं.

धक्काशोषकाचं थोडक्यात सांगते. तो शब्द ऐकून वाटतं की रोप तुटून लिफ्ट पडली तरी खाली हा आहे. तसं नाही. पिटच्या तळाशी बसवलेला बफर सामान्य वेगापेक्षा फार तर पंधरा टक्के जास्त वेगानं येऊन टेकणाऱ्या केबिनसाठी असतो. १ मीटर वेगाच्या लिफ्टला तेलाच्या बफरची दाबली जाण्याची लांबी कमीत कमी साधारण ६७ मिलिमीटर लागते, म्हणजे तळहाताच्या रुंदीपेक्षाही कमी. वरून सुटून आलेली केबिन तेवढ्यात कशी थांबणार? ‘बफर’ या शब्दानं खोटी आशा मिळत नाही. पण तो काही शिकवतही नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

खरं म्हणजे या शब्दांवर तुम्ही माझ्याशी कितीही भांडलात तरी चालेल. माझी झोप ज्या शब्दानं घालवली तो तुमच्या यादीत नाही. तो अस्सल मराठी आहे, रोजचा आहे, आणि त्याच्यावर मी एक मिनिटही विचार केला नव्हता. तो शब्द म्हणजे ‘बंद’.

मूळ वाक्य असं होतं की, मजल्यावरचं दार मिटलेलं आणि लॉक झालेलं असल्याशिवाय केबिन सुरू होता कामा नये. मी लिहिलं, ‘मजल्यावरील दार पूर्णपणे बंद असल्याशिवाय लिफ्ट सुरू होत नाही याची खात्री करा.’ वाक्य सुटसुटीत झालं म्हणून मला समाधानही वाटलं होतं. मिटणं आणि लॉक होणं या दोन गोष्टी ‘पूर्णपणे बंद’मध्ये आल्याच, असं मी धरून चालले.

पुस्तिका वापरात आल्यावर काही महिन्यांनी मला फोन आला. एका सहा मजली जुन्या इमारतीत, बाहेर ओढून उघडायची दारं असलेल्या लिफ्टचे लॉक बदलले होते. तपासणीला गेलेल्या मुलाच्या हातात पुस्तिकेतला माझाच तपासणीचा मराठी तक्ता होता. त्यानं प्रत्येक मजल्यावर दार उघडून पाहिलं, लिफ्ट चालत नव्हती. दार लावून पाहिलं, लिफ्ट चालली. सहाही मजल्यांवर खूण केली. आठवड्यानं चौथ्या मजल्यावरच्या एका आजींनी, लिफ्ट आली असेल म्हणून, दाराची मूठ ओढली. केबिन तेव्हा पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे होती. दार उघडलं. समोर काळोखी डक्ट. आजींचा एक हात मुठीवर होता, दुसऱ्या हातात पिशवी होती, आणि पाऊल उचललेलं होतं. त्या मागे पडल्या, म्हणून वाचल्या. मनगट मोडलं.

मी दुसऱ्या दिवशी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. आजी प्लॅस्टर घालून बसल्या होत्या. मी कोण हे त्यांना नीट कळलं नाही, पण त्यांनी सगळं सांगितलं आणि सांगता सांगता म्हणाल्या, ‘अगो, दार नुसतं लोटलेलं होतं, कडी लागलीच नव्हती त्याची.’

लोटलेलं. माझी आई रोज रात्री विचारायची, दार लोटलंयस का कडी घातलीस? मराठीत हा फरक घराघरात आहे. मी तो पुस्तिकेत आणला नाही, कारण ‘बंद’ छापील वाटत होता.

नंतर एका जुन्या फिटरकाकांबरोबर मी केबिनच्या वर उभी राहिले. चौथ्या मजल्याचं दार बिजागरीत झुकलेलं होतं, त्यामुळे लॉकचा आकडा चौकटीच्या खोबणीत सरळ जात नव्हता, नुसतं टोक टेकत होतं. पण लिफ्टला चालू देणारा विजेचा कॉन्टॅक्ट मात्र मिळत होता. काकांनी कॉन्टॅक्टच्या पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. लिफ्ट वारंवार अडते म्हणून कुणीतरी ती पट्टी थोडी वाकवली होती, म्हणजे आकडा आत जायच्या आधीच कॉन्टॅक्ट लागत होता. दार उघडलं की कॉन्टॅक्ट सुटायचा, लावलं की मिळायचा. मुलाच्या चाचणीत दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

‘अशी बघायची नसते ही, ताई,’ म्हणून काकांनी खरी चाचणी करून दाखवली. केबिन इन्स्पेक्शन मोडवर हळू चालवत लॉक हाताशी येईल तिथे थांबवायची. स्टॉप दाबायचा, वर मशीन रूममधला मेन स्विच पाडून ठेवायचा, मगच हात घालायचा. कॉन्टॅक्टला मीटर लावायचा. आकडा खोबणीतून हळूहळू उचलायचा आणि मीटरवर कॉन्टॅक्ट सुटला की तिथेच हात थांबवायचा. त्या क्षणी आकडा अजून किती आत आहे ते मोजायचं. कमीत कमी ७ मिलिमीटर हवेत. त्यापेक्षा कमी असेल तर दार लॉक झालेलं नसताना लिफ्ट चालू शकते. चौथ्या मजल्यावर ते अंतर २ मिलिमीटर भरलं. बाकीच्या पाच मजल्यांवर ८ ते १०.

तो मुलगा खाली उभा होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, ‘मॅडम, बंद लिहिलंय. बंद होतं.’

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. माझ्या बाजूनं बोलायचं तर खूप आहे. ७ मिलिमीटरचं माप पुस्तिकेत चार पानं पुढे, लॉक बसवण्याच्या भागात, बरोबर दिलेलं होतं. पट्टी वाकवली ती दुसऱ्या कुणी. सही करणाऱ्या सुपरवायझरनं स्वतः वर चढून बघायला हवं होतं. हे सगळं खरं आहे आणि मी ते अनेकांना ऐकवलंही आहे. पण मुलाच्या हातात तक्ता होता, चार पानं पुढचा भाग नव्हता, आणि तक्त्यावरचं वाक्य माझं होतं.

घरी येऊन मी अख्ख्या पुस्तिकेत ‘बंद’ शोधला. आणखी एक सापडला, तो याहून वाईट होता. ‘दार बंद झाल्यावर कॉन्टॅक्ट बंद होतो.’ इंग्रजीत कॉन्टॅक्ट मिटला म्हणजे वीज वाहते. मराठी कानाला कॉन्टॅक्ट बंद म्हणजे वीज गेली, जसा दिवा बंद, पंखा बंद. एकाच वाक्यात तोच शब्द दोनदा आणि दुसऱ्यांदा नेमका उलटा. मुलं काय म्हणतात? कॉन्टॅक्ट मिळाला, लागला, सुटला. तयार शब्द होते. मी विचारलेच नव्हते, कारण माझं सगळं लक्ष आंतरकुलूप ठेवावं की नाही यावर होतं.

तर इंटरलॉक इंटरलॉकच राहिला. पण तुमच्यासारखीच एक शंका मलाही अजून छळते. तेव्हाची मी म्हणायची की शब्द घडवल्याशिवाय भाषा या कामाला लागायची नाही. आता वाटतं, मी घाबरून सगळेच शब्द सोडले की काय. लॉक आणि कॉन्टॅक्ट एकमेकांना बांधलेले असतात, हे ‘इंटरलॉक’मधून मराठी मुलाला कळत नाही. आंतरकुलूपमधून कदाचित कळलं असतं. काकांना विचारलं तर ते म्हणतात, आम्ही दोन्ही म्हणत नाही, लॉक म्हणतो.

नव्या आवृत्तीत ते वाक्य मी असं केलं: ‘दार नुसतं लोटलेलं असताना लिफ्ट सुरू होता कामा नये. आकडा खोबणीत किमान ७ मिलिमीटर गेल्यावरच कॉन्टॅक्ट मिळायला हवा. प्रत्येक मजल्यावर मोजा आणि ते अंतर लिहा.’ खूण करायचा चौकोन काढला, मिलिमीटर लिहायला रेघ दिली. मग विदर्भातल्या एका मुलानं विचारलं, लोटलेलं म्हणजे आत ढकललेलं का? ही दारं तर बाहेर उघडतात. आणि सरकत्या दारांना तर लोटलेलं म्हणताच येत नाही. सध्या तिथे ‘लॉक न लागलेलं’ असं लिहून ठेवलंय, बाजूला आकड्याचं चित्र आहे. पुढच्या तुकडीतल्या मुलांना ते वाचायला देणार आहे. या वेळी शब्द दाखवायला सांगणार नाही. आकडा उचलून दाखवायला सांगेन.