आमची वाटचाल आणि आक्कांचा फोटो

चोपड्यातला हा स्टुडिओ वडिलांनी काढला. निगेटिव्हवर कडक पेन्सिलीने, भिंगाखाली, ते चेहऱ्यावरचे डाग भरायचे. पुढची बरीच वर्षं लग्नं आणि पासपोर्ट फोटोंत गेली. मग मोबाईल आले, रोल धुणं संपलं, लॅबची मशिनरी भंगारात द्यावी लागली. त्याच वर्षी समोर दुकान उघडलं, ‘दहा मिनिटांत फोटो’. आमच्याकडचीच जुनी गिऱ्हाइकं मान खाली घालून तिकडे जायची. मला दिसत होतं सगळं.

आक्काही आधी तिकडेच गेल्या. त्यांच्या लग्नाचे फोटो आमच्या वडिलांचे, पण असो. त्यांचे यजमान आबा गेल्यावर त्यांचा दवाखान्यातला शेवटचा फोटो घेऊन त्या समोरून माझ्याकडे आल्या.

“भाऊ, सलाईनना स्टँड काढाले सांगेल होता. हाई काय करं त्यानी?”

स्टँड गेला होता. पण भिंतीवर त्याची सावली तशीच होती, आणि नळी आबांच्या खांद्याजवळ हवेतच संपत होती. दवाखान्याची भिंत खाली हिरवी, वर पांढरी. दोन रंगांची सीमारेषा स्टँडच्या जागी वाकली होती, आणि एकच पोपडा तीनदा उमटला होता. क्लोन करताना नमुना एकाच जागेवरून उचलला की असं होतं.

मी आक्कांच्या मुलाच्या मोबाईलमधला मूळ फोटो मागवला. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला चालत नाही, बारकावे मरतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सगळ्यांनाच सांगतो. मग वेगळ्या लेयरवर आधी सीमारेषा सरळ जुळवली, त्यानंतर रंग भरले. सावलीची कड मऊ असते, म्हणून तिथे ब्रशही मऊ घेतला. शालीवरून गेलेली नळी काढताना वीण विणीला लावत गेलो. वेळ त्यातच गेला.

राहिला हात. सुई, त्यावर चिकटपट्टी. पट्टीखालची कातडी फोटोत नव्हतीच, ती आणायची कुठून? मी उजवा हात उलटा करून डाव्याच्या जागी बसवला. छान बसला.

आक्कांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “हाऊ त्यासना हात नही.”

आबांची डावी करंगळी कडबाकुट्टीत सापडून वाकडी झाली होती. उजव्या हाताची करंगळी सरळ.

मूळ हात परत ठेवला. पट्टी राहू दे म्हणाल्या. फक्त पट्टीतून निघणारी नळी मी शालीच्या काठापाशी संपवली, म्हणजे ती शालीखाली गेल्यासारखी वाटते.

बारा बाय अठराची प्रिंट, मॅट कागद. चकचकीत घेऊ नका, समोर ट्यूबलाइट असली की चेहरा दिसत नाही. समोरच्याने घेतले त्याच्या चौपट पैसे मी सांगितले. आक्कांनी घासाघीस केली नाही. नंतर त्यांच्या भावकीतल्या दोन लग्नांची ऑर्डर आली, आणि त्या हंगामात दुकानाचं भाडं वेळेवर गेलं.