चेहरा न हलवता

"पोलीस ठाण्यातल्या धांदरट साहेबांवर इतक्या मालिका निघाल्या, मग तुम्ही सहाच भागांच्या 'पोलीस स्क्वॉड'चं नाव का घेता?"

कारण तिथे आपण विनोद करतोय हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यातला पोलीस अधिकारी फ्रँक ड्रेबिन झालेला लेस्ली निल्सन मुळात गंभीर भूमिका करणारा नट. खुनाची चौकशी करावी तशीच तो प्रत्येक ओळ बोलतो आणि चेहरा जराही हलवत नाही.

पहिल्याच भागातली केस घ्या. पतपेढीत काम करणारी सॅली दंतवैद्याचं देणं फेडण्यासाठी पैसे लांबवते. मग कॅशियरला आणि पगाराचा चेक वटवायला आलेल्या माणसाला गोळ्या घालून दरोड्याचा देखावा उभा करते. चेक वटवायला आलेल्याचं आडनाव ट्वाइस, म्हणजे 'दोनदा'. ऑडिटरचं आडनाव फेल, म्हणजे 'पडला'. जबाब घेताना ड्रेबिनला कळेना, की गोळी एकदा झाडली की दोनदा, आणि पडलं कोण. आपल्याकडे आडनावं दोंदे आणि मारणे धरा: "मारणेंनी मारलं?" "नाही, मारणे रजेवर होते, दोंदेंना मारलं." "दोनदा?" "नाही, एकदाच." मजा एवढीच, की ड्रेबिन वैतागत नाही. सरळ मनाने पुढचा प्रश्न विचारतो. तो चिडला असता तर हा प्रसंग नुसती शाब्दिक कोटी होऊन बसला असता.

नेहमीची माणसंही तशीच. अ‍ॅल नावाचा पोलीस इतका उंच, की डोकं कायम चौकटीच्या वर, चेहरा कधी दिसतच नाही. साहेब मात्र मान वर करून त्याच्याशी रोजचंच बोलतात. बूटपॉलिशवाला जॉनी माझा सगळ्यात लाडका. आधी "मला काय माहीत" म्हणतो, नोट हातात पडली की गुन्ह्याची नस न् नस सांगतो. ड्रेबिन उठून गेला की त्याच खुर्चीत सर्जन येऊन बसतो आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारतो. एकदा तर पाद्रीच येतो, मेल्यानंतर काय होतं ते विचारायला. जॉनी त्यालाही सांगतो, नोट घेऊनच.

प्रत्येक भागाच्या शेवटी चित्र गोठतं, तेही खोटं. कॅमेरा चालूच असतो, नट श्वास रोखून उभे असतात. एका भागात कॉफी ओतणारा हात तसाच राहतो आणि कप भरून वाहू लागतो. दुसऱ्या एका भागात पकडलेला गुन्हेगार सगळे थिजलेले पाहून पळायची वाट शोधतो.

१९८२ मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने मालिका बंद केली. कार्यक्रम प्रमुखांचं म्हणणं असं, की ती नीट लक्ष देऊन पाहावी लागते. खरंच लागते. भाजी निवडत पाहिली तर तो वाहणारा कप तुमच्या नजरेतून सुटतो. सहा वर्षांनी हाच ड्रेबिन 'द नेकेड गन' घेऊन थिएटरात आला, आणि तिथे अंधारात बसलेल्या लोकांना पडद्याखेरीज बघायला दुसरं काही नव्हतं.