‘मी’ आलं की थांबायचं

मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत साउंड एडिटर आहे. मुख्य काम ऑडिओबुकचं, म्हणजे वाचकाचा आवाज घ्यायचा, साफ करायचा, चुकलेले शब्द परत घेऊन जोडायचे आणि फाइल पाठवायची. गेल्या दीड-दोन वर्षांत मात्र दर महिन्याला कोणीतरी येऊन विचारतं की जुन्या रेकॉर्डिंगवरून आवाज तयार करून मिळेल का. त्यातल्या एका कामाबद्दल लिहितोय, कारण त्यानंतर माझी कामाची पद्धतच बदलली.

एका प्रकाशन संस्थेकडे बालगोष्टींचा जुना संच होता, साधारण पंचवीस वर्षांपूर्वीचा, आधी कॅसेट मग सीडी. सगळ्या गोष्टी एकाच बाईंनी वाचलेल्या. आम्ही त्यांना ताईच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे ताईंचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याला पुढे छिद्र आहे, श्वास तिथूनच घेतात, बोलणं नाही, फोनवर टाइप करतात नाहीतर छोट्या वहीत लिहून दाखवतात. संस्थेला संचाचा पुढचा भाग काढायचा होता, बारा नव्या गोष्टी, त्याच आवाजात. सोबत दोन कागद होते. एक जुना करार, ज्यात रेकॉर्डिंगचे ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी’ संस्थेला दिलेले, आणि दुसरं नवं संमतीपत्र, सही ताईंच्या मुलाची.

मी दोन्ही कागद बघितले, फोल्डरमध्ये ठेवले आणि कामाला लागलो. इथेच चुकलं. ताई हयात आहेत, स्पष्ट विचार करतात, लिहितात, सही करतात, फक्त आवाज गेलाय, मग सही मुलाची का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं, आईला हॉस्पिटलच्या फेऱ्यांत आणखी कागद नकोत म्हणून त्याने परस्पर केलं. पण त्याची परवानगी म्हणजे तिची परवानगी नाही.

मास्टर टेप अकरा तासांच्या होत्या. एआयला आवाज शिकवून तसाच नवा आवाज काढायला, म्हणजे क्लोन करायला, अकरा तास लागत नाहीत, दोन-तीन तास स्वच्छ आवाज असला तरी चांगलं काम होतं, पण तो खरंच स्वच्छ हवा, मागे संगीत नको, खोलीचा घुमारा नको, आणि दुसऱ्या कोणाचा आवाज तर अजिबात नको. या गोष्टींत म्हाताऱ्याचे आणि वाघाचे संवाद एक दुसरे कलाकार म्हणायचे, ते आता नाहीत. त्यांची वाक्यं शोधून शोधून काढली, कारण दोघांचे आवाज एकमेकांवर चढलेले तुकडे राहिले तर मशीन तेही शिकतं आणि मग मध्येच एखाद्या शब्दाला बाईच्या आवाजात पुरुषाची खर्ज लागते. शिवाय त्या माणसाची परवानगी कोणीच मागितलेली नव्हती.

शेवटी दोन तास चाळीस मिनिटं हाताशी आली. त्यात मी अजून वीस मिनिटं घातली, ती टेकच्या मधली. माइक चालू राहिलेला आणि ताई रेकॉर्डिस्टशी बोलतायत, चहा मागतायत, मुलाला ताप आहे म्हणून लवकर निघायचंय असं सांगतायत. एडिटर म्हणून सांगतो, असा माल सोन्यासारखा असतो. गोष्ट वाचताना माणसाचा एक ठरावीक सूर लागतो, आणि फक्त तेवढ्यावर शिकवलं तर क्लोन संवादसुद्धा वाचल्यासारखे म्हणतो. ही वीस मिनिटं घातल्यावर संवाद एकदम जिवंत झाले. मला तेव्हा आनंदच झाला होता.

डेमो ऐकायला ताई स्वतः येणार असं संपादक मॅडमनी कळवलं. ताई आल्या, सोबत मुलगा. गळ्याभोवती पातळ सुती रुमाल. मी हत्तीच्या गोष्टीची पहिली दोन मिनिटं लावली.

वाक्य सुरू व्हायच्या आधी क्लोन श्वास घेतो. वाचनात श्वास असतात, मशीन तेही उचलतं, आणि आपण ते मुद्दाम ठेवतो कारण श्वास काढले की आवाज लगेच खोटा वाटायला लागतो. स्पीकरमधून तो तोंडाने घेतलेला छोटासा श्वास ऐकू आला आणि ताईंचा हात रुमालावर गेला. तिथेच राहिला. कोणी काही बोललं नाही, मी पॉज करू का विचारलं तर त्यांनी मान हलवली, चालू दे.

मग त्यांनी हात वर केला. मागे घेतलं, परत लावलं. त्यांनी वहीत लिहिलं, ‘माझा नीट नाही’. मी दहा वेळा ऐकलेलं वाक्य होतं ते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. ‘माझा’ मधला झ ‘झाड’मधला, पण मशीनने ‘झेंडा’मधला लावला होता. मराठीत एकाच अक्षराचे दोन उच्चार, लिहिताना फरक दिसत नाही, त्यामुळे हिंदी जास्त शिकलेलं मॉडेल, म्हणजे आवाज काढणारं ते मशीन, तिथे हमखास चुकतं. ‘चाक’चा च आणि ‘चार’चा च यातही तेच. हे दुरुस्त करता येतं, चुकणाऱ्या शब्दांची यादी करायची, स्पेलिंग फिरवून परत काढायचं, नाहीतर जुन्या टेपमधलाच खरा शब्द आणून जोडायचा. पण ताईंनी पुढे लिहिलं ते महत्त्वाचं. ‘माझ्या नावावर चुकीचं मराठी मुलांच्या कानात जाईल.’ म्हणजे संमती नुसती आवाज वापरण्याची नाही, तो कसा बोलेल याचीपण.

तिसरी क्लिप संस्थेच्या मार्केटिंगच्या मुलाने लिहून पाठवलेली, मीच तयार केली होती, वीस सेकंदांची जाहिरात. त्यात वाक्य होतं, ‘मी स्वतः या नव्या गोष्टी ऐकल्या आहेत, मला फार आवडल्या, तुम्हीही घ्या.’

ताईंचा चेहरा बदलला. फोनवर टाइप करून स्क्रीन माझ्यापुढे धरली. ‘हे मी म्हटलेलं नाही. मी गोष्टी ऐकल्यासुद्धा नाहीत.’

मुलगा म्हणाला, ‘आई, जाहिरात आहे गं, एवढं काय.’ त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. परत टाइप केलं, ‘हत्ती बोलतो ते हत्तीचं. मी म्हटलं की ते माझं.’

मी इतके दिवस परवानगी आहे की नाही एवढंच बघत होतो. कशाची परवानगी, हे बघितलंच नव्हतं. गोष्टीतलं पात्र बोलतं तेव्हा ऐकणाऱ्याला माहीत असतं की हे नाटक आहे. पण ‘मी ऐकलं, मला आवडलं’ ही साक्ष आहे, आणि ती खोटी होती, आणि ती मी माझ्या हाताने रेंडर केली होती.

मग मला टेकच्या मधल्या बोलण्याचं सांगणं भाग होतं. सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘काय काय आहे त्यात?’ मी तापाचं सांगितलं. त्यांनी लिहिलं, ‘काढा.’

काढा म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. फोल्डरमधून फाइल उडवली म्हणून मॉडेलमधून ती जात नाही, शिकलेलं तसंच राहतं. पूर्ण मॉडेल टाकून उरलेल्या मालावर नव्याने शिकवावं लागतं. रात्रभर चालवलं, सकाळी ऐकलं, संवाद थोडे सपाट झाले होते, तेवढी किंमत मोजायलाच हवी होती. जुनं मॉडेल डिलीट केलं आणि ते केल्याचं त्यांना लेखी दिलं.

जुन्या कराराबद्दल संपादक मॅडमनी वकिलांना विचारलं. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर असं आहे की करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची पद्धत अस्तित्वातच नव्हती, तिचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती त्या करारात येत नाही. आमचा करार त्या आधीचा, त्यामुळे वाद घालायला जागा होती. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या प्रकरणात परवानगीशिवाय एआयने आवाज उचलण्याविरुद्ध अंतरिम आदेश दिलेत, म्हणून वकील म्हणाले जुन्या कागदाच्या भरवशावर राहू नका. टेपचा मालक आणि आवाजाचा मालक एकच असतो असं नाही.

नवा कागद ताईंनी स्वतः वाचून, दोन ठिकाणी खोडून सही केला. याच बारा गोष्टी, फक्त मराठी, मॉडेल दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, तीन वर्षांनी परत विचारायचं, पैसे प्रत्येक गोष्टीमागे. आणि खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ, ‘मी’ असलेलं वाक्य गोष्टीबाहेर आलं तर आधी मला दाखवा.

मग लेबलचा प्रश्न. संस्थेचा विचार होता की कव्हरवर आणि ॲपच्या वर्णनात ‘एआय आवाज’ लिहू. पण बालगोष्ट कव्हर बघून कोण ऐकतं? आईच्या फोनवर येते, व्हॉट्सॲपवर पुढे जाते, तिथे ना कव्हर ना वर्णन. आम्ही फाइलमध्ये न ऐकू येणारी खूणपण घालून बघितली, साध्या एमपीथ्रीत ती टिकली, पण एका फोनवर वाजवून दुसऱ्या फोनने रेकॉर्ड केल्यावर सापडली नाही. मुलं असंच तर ऐकतात, पाठवतात. म्हणजे लेबल कानाला ऐकू येणारंच हवं. एआयने तयार केलेल्या गोष्टींवर लेबल लावण्याच्या नियमांच्या ऑक्टोबर २०२५ च्या सरकारी मसुद्यात ऑडिओच्या पहिल्या दहा टक्के भागात खुलासा असावा असं होतं, बारा मिनिटांच्या गोष्टीला सव्वा मिनिटाच्या आसपास. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमांत ती टक्केवारी गेली, सुरुवातीला स्पष्ट ऐकू येईल असा खुलासा हवा हे राहिलं. नियम मुख्यतः प्लॅटफॉर्मसाठी आहेत, पण अपलोड करताना ते आपल्यालाच विचारणार.

आता हा खुलासा म्हणणार कोण? मार्केटिंगच्या मुलाने सुचवलं, त्याच आवाजात म्हणू, ‘हा माझा एआय आवाज आहे.’ परत ‘मी’च! आमच्या ऑफिसमधल्या प्रूफ तपासणाऱ्या काकूंनी माइकपुढे उभं राहून म्हटलं, ‘ही गोष्ट ताईंच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून संगणकाने तयार केलेल्या आवाजात आहे. त्यांनी परवानगी दिली आहे.’ सात-आठ सेकंद. ताईंचं नाव तिथे पूर्ण आहे, इथे मी गाळलंय. प्रत्येक गोष्टीच्या आधी हे वाक्य आहे, आणि त्याच्या खालचं संगीत गोष्टीच्या पहिल्या वाक्याखाली चालू ठेवलंय, म्हणजे कोणी पुढचा तुकडा कापला तर संगीत मध्येच तुटल्याचं कळतं. कापायचंच असेल तर कापता येतं, तेवढं मला माहीत आहे.

जाहिरात काकूंच्याच आवाजात गेली.

सध्या पाचव्या गोष्टीचं काम चालू आहे. दर मंगळवारी मी ताईंना स्क्रिप्ट आणि कच्ची फाइल पाठवतो, त्या हिरव्या पेनाने खुणा करून फोटो पाठवतात. या वेळी तीन खुणा होत्या, दोन च च्या, आणि एक शेवटच्या ओळीला, ‘मी तुम्हाला पुन्हा भेटेन’. शेजारी लिहिलं होतं, ‘ही ओळ काकूंना द्या.’