खोडलेल्या दोन ओळी

"या ओळी पहिल्या अंकाच्या शेवटी येऊन गेल्या आहेत," असे म्हणत आज जळगावातील तालमीत आमच्या दिग्दर्शकांनी बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'चा शेवट पेन्सिलीने खोडला.

मला ते फार लागले. या नाटकात दोघे जण गोदो नावाच्या माणसाची वाट पाहत असतात. दोन्ही अंकांच्या अखेरीस त्यांतला एक जण विचारतो, निघायचे का. दुसरा म्हणतो, हो, निघू. आणि रंगसूचना सांगते की दोघेही हलत नाहीत. मात्र पहिल्या अंकात हा प्रश्न एस्ट्रागॉनचा असतो आणि दुसऱ्या अंकात तो व्लादिमिरच्या तोंडी येतो. नाटकभर "चल, जाऊ" म्हणणारा एस्ट्रागॉन आणि "गोदोची वाट पाहायची आहे" म्हणून त्याला थांबवणारा व्लादिमिर. त्यामुळे थांबवणाऱ्यानेच निघण्याचा प्रश्न विचारावा आणि तरीही पाऊल उचलले जाऊ नये, यात त्या दिवसाचे सारे ओझे आहे. शब्द तेच ठेवले नसते, तर ही अदलाबदल ऐकूच आली नसती.

आमच्या गावी जून सरत आला, तरी कपाशीच्या बियाण्याची पिशवी ओसरीत न उघडता पडलेली असे. वडील रोज संध्याकाळी विचारत, "येईल ना?" आई म्हणे, "येईल." एका संध्याकाळी तोच प्रश्न आईने विचारला आणि वडील बराच वेळ पिशवीकडे पाहत राहिले.

उद्या तालमीआधी दिग्दर्शकांना एवढेच विचारणार आहे: त्या ओळी एकदा म्हणून पाहायच्या का?